बीसीडी ॲडर बनवताना सहा कधी मिळवायचे आणि हातचा कुठून घ्यायचा

ब्रेडबोर्डवर बीसीडी ॲडर लावला, ४ + ३ बरोबर आलं, ७ + ५ चे १२ पण नीट दिसले, म्हणून सर्किट झालं असं धरून मी वायरी बांधायला घेतल्या आणि तेवढ्यात शेजारच्याने ९ + ८ टाकून बघितलं तर डिस्प्लेवर १७ च्या जागी ०१. कॉलेजातली गोष्ट आहे, पण त्यानंतर ज्यांना ज्यांना हे सर्किट लावायला मदत केली त्यातल्या बऱ्याच जणांच्या बोर्डवर हेच ०१ मी बघितलंय. म्हणून हा लेख सगळा त्या एका गोष्टीभोवती आहे, की "बेरीज नऊच्या वर गेली" हे सर्किटला कळतं कसं. सहा मिळवणं सोपं आहे हो, कधी मिळवायचे ते ओळखण्यातच सगळं डिझाइन आहे.

आधी सहाच का ते बघू

बीसीडीत प्रत्येक दशमान अंकाला चार बिट देतो. चार बिटांत १६ वेगवेगळ्या जुळण्या बसतात पण आपण त्यातल्या ०००० पासून १००१ पर्यंतच्या दहाच वापरतो, उरलेल्या सहा म्हणजे १०१० ते ११११ ह्या बीसीडीत चालतच नाहीत. एक चाक डोळ्यासमोर आणा, त्याला सोळा खाचा आहेत पण आकडे फक्त पहिल्या दहा खाचांवर रंगवलेत, पुढच्या सहा कोऱ्या आहेत. आपल्याला हातचा नऊनंतर लगेच हवा असतो आणि साधा बायनरी ॲडर तो देतो पंधरानंतर, कारण त्याच्या हिशोबी सगळ्या खाचा सारख्याच. मग नऊच्या पुढे गेलो की त्या सहा कोऱ्या खाचा उडी मारून पार करायच्या, ती उडी म्हणजे हे सहा.

७ + ५ हातानेच करून बघा:

```
  0111    (7)
+ 0101    (5)
------
  1100    (12, पण बीसीडीत चालत नाही)
+ 0110    (6)
------
1 0010    (हातचा 1, एकक 2)
```

१२ मध्ये सहा मिळवले की १८ होतात, त्यातले १६ कॅरी म्हणून बाहेर पडतात आणि आत २ उरतात. म्हणजे बाहेर पडलेल्या १६ पैकी १० त्या बेरजेतलेच होते आणि ६ आपण घातलेले. हा हिशोब एकदा मनात बसला की "सहा मिळवा" हे पाठ करावं लागत नाही.

नऊच्या वर जाण्याचे दोन प्रकार

दोन्ही अंक जास्तीत जास्त ९, वर मागच्या घरातून आलेला हातचा १, म्हणजे एका घरातली बेरीज ० ते १९ च्या मध्येच असते. ह्यापेक्षा मोठी कधीच नाही, आणि हे लक्षात ठेवा कारण पुढचं लॉजिक ह्याच मर्यादेवर उभं आहे.

सर्किटात चार-बिट ॲडर दोन असतात, पहिला अंकांची बेरीज करतो आणि दुसरा गरज असेल तेव्हा सहा मिळवतो. पहिल्या ॲडरच्या आउटपुटला आपण मोठ्या बिटापासून Z8, Z4, Z2, Z1 म्हणू आणि त्याच्या कॅरीला K. नावातला आकडा म्हणजे त्या बिटाचं वजन. आता महत्त्वाच्या ओळी बघा:

```
बेरीज   K   Z8 Z4 Z2 Z1
  8     0    1  0  0  0
  9     0    1  0  0  1
 10     0    1  0  1  0
 11     0    1  0  1  1
 12     0    1  1  0  0
 15     0    1  1  1  1
 16     1    0  0  0  0
 17     1    0  0  0  1
 19     1    0  0  1  1
```

१० ते १५ ह्या बेरजा चार बिटांतच दिसतात. त्या सगळ्यांत Z8 एक आहे, पण ८ आणि ९ मध्येही तो एकच आहे, मग फरक कुठे? ८ आणि ९ मध्ये Z4 पण शून्य आणि Z2 पण शून्य. दहापासून पुढे त्या दोघांपैकी एक तरी एक असतोच. Z1 ला इथे काही काम नाही, तो फक्त सम-विषम सांगतो.

१६ ते १९ चं मात्र वेगळं आहे. तिथे चार बिट बघितले तर ०, १, २, ३ असे अगदी निरागस दिसतात, Z8 शून्य आहे, तुमचं वरचं लॉजिक म्हणणार सगळं ठीक आहे, सहा नकोत. बेरीज मोठी झाली हे सांगणारा एकटा K आहे. म्हणून तो अटीत वेगळा घालावाच लागतो:

```
C = K + Z8·Z4 + Z8·Z2
```

इथे अधिक म्हणजे ऑर आणि टिंब म्हणजे अँड. C एक आला तर सहा मिळवायचे, शून्य आला तर बेरीज जशी आहे तशी सोडायची. मी कॉलेजात K गाळला होता, कारण कारनॉ मॅप काढताना फक्त चार बिटांचा काढला आणि मॅप सुटला म्हणजे काम झालं असं वाटलं. चार चलांचा मॅप चुकीचा नाहीये, पण तो K शून्य असतानाचाच आहे, त्यातून आलेल्या उत्तराला K चा ऑर जोडल्याशिवाय ते अर्धंच.

गेटांची थोडी बचत करायची असेल तर Z8 बाहेर काढा, `C = K + Z8·(Z4 + Z2)`. आता एक अँड आणि दोन ऑर एवढ्यात भागतं, आधी दोन अँड आणि दोन ऑर लागत होते. मला हीच पद्धत आवडते, वायरी कमी म्हणजे शोधायच्या चुका पण कमी.

आता वायरिंग

लागणारं सामान: चार-बिट ॲडर म्हणून ७४८३ चे दोन आयसी, अँडसाठी एक ७४०८, ऑरसाठी एक ७४३२, स्विचेस, आणि आउटपुटला पाच एलईडी प्रत्येकाला आपला रेझिस्टर लावून. सुरुवातीला सेव्हन सेगमेंट डिस्प्ले नका लावू असं माझं मत आहे. ७४४७ सारख्या डीकोडरला १०१० ते १११० पैकी काही मिळालं तर तो विचित्र आकार दाखवतो आणि ११११ ला तर डिस्प्ले कोराच ठेवतो, मग चूक ॲडरमध्ये आहे की डिस्प्लेत तेच कळत नाही. एलईडीवर बिट सरळ वाचता येतात.

पॉवर देताना सावध. ७४८३ ला पाच व्होल्ट १६ नंबरच्या पिनला नाही, ५ नंबरला द्यायचे आणि ग्राउंड १२ नंबरला. बाकीच्या आयसींच्या सवयीने कोपऱ्यातल्या पिना धरल्या तर काहीच चालत नाही. ७४२८३ घेतलात तर गणित अगदी तेच, पण पिना वेगळ्या आहेत, तिथे पॉवर १६ आणि ग्राउंड ८. त्यामुळे एकाची आकृती बघून दुसरा लावू नका.

पहिला ॲडर सोपा आहे, एक अंक A बाजूला, दुसरा B बाजूला आणि मागच्या घरातला हातचा C0 ला म्हणजे १३ नंबरला. एकाच घराचं सर्किट असेल तर C0 ग्राउंड करा. इथे नावांचा एक घोळ होतो तो आधीच सांगतो. आयसीवर बिटांना १, २, ३, ४ असे नंबर दिलेले असतात आणि आपल्या समीकरणात वजनं आहेत. म्हणजे आयसीचा S4 हा आपला Z8, S3 हा Z4, S2 हा Z2 आणि S1 हा Z1. "Z4 म्हणजे S4 च असणार" असं समजून वायर ओढली की करेक्शन भलत्याच बेरजांना लागतं. मी कागदावर एक ओळ लिहूनच बसतो, पिन १५ म्हणजे आठ, पिन २ म्हणजे चार, पिन ६ म्हणजे दोन, पिन ९ म्हणजे एक, आणि K पिन १४ वर.

मग गेट. S3 आणि S2 ऑरला, त्याचं आउटपुट आणि S4 अँडला, त्याचं आउटपुट आणि K दुसऱ्या ऑरला, जे बाहेर येतं ते C. इथे थांबा आणि दुसरा ॲडर लावायच्या आधी C ला एलईडी लावून तपासा. ९ + ० ला विझलेला, ९ + १ ला पेटलेला, ६ + ६ ला पेटलेला, ९ + ९ ला पेटलेला. ह्या चार बेरजांत समीकरणातली प्रत्येक बाजू येऊन जाते, Z2 ची, Z4 ची आणि K ची. इथेच चूक सापडली तर पुढचा एक तास वाचतो.

दुसऱ्या ॲडरच्या A बाजूला पहिल्याचे S4, S3, S2, S1 क्रमाने द्या. B बाजूला आपल्याला कधी ०००० तर कधी ०११० हवंय, म्हणून मधल्या दोन पिना B3 आणि B2 ह्या दोन्हींना C जोडा आणि कडेच्या B4 आणि B1 ग्राउंड करा. C0 पण ग्राउंड. ह्या ॲडरचे S4 ते S1 म्हणजे तुमचा एकक अंक, झालं.

कडेच्या दोन पिना ग्राउंड करायला लोक हमखास विसरतात, "तिथे शून्यच आहे ना, मग सोडून दिलं" म्हणून. टीटीएल आयसीत मोकळी सोडलेली इनपुट साधारणपणे एक म्हणून वाचली जाते, म्हणजे B4 आणि B1 मोकळ्या असतील तर प्रत्येक बेरजेत ९ जास्त पडतात, २ + ३ ला ५ ऐवजी १११० दिसतं. फक्त C0 मोकळा राहिला असेल तर २ + ३ चे ६ येतात, सगळं एकेकाने पुढे. सीमॉस म्हणजे एचसी मालिकेतले आयसी असतील तर मोकळी पिन काय वाचेल ह्याचा भरवसाच नाही, बोट जवळ नेलं तरी एलईडी बदलतात. तसं काही दिसलं की आधी मोकळ्या पिना शोधा.

हातचा कुठून घ्यायचा

ही दुसरी जागा जिथे माणसं अडकतात. दुसऱ्या ॲडरलाही कॅरी आउट आहे, पिन १४, आणि तो शेवटचा आयसी असल्यामुळे पुढच्या घराचा हातचा तिथूनच घ्यावा असं मनात येतं. तो घेऊ नका. पुढचा हातचा म्हणजे C, तोच जो गेटांमधून आला. दुसऱ्या ॲडरची ती पिन मोकळी सोडून द्यायची, ती आउटपुट आहे म्हणून सोडली तर चालते.

कारण बघा. ७ + ५ मध्ये पहिल्या ॲडरचा कॅरी शून्य होता, सहा मिळवल्यावर दुसऱ्यातून कॅरी निघाला. पण ९ + ८ घ्या:

```
  1001    (9)
+ 1000    (8)
------
1 0001    (K = 1, म्हणून C = 1)
+ 0110    (6)
------
  0111    (7, इथून कॅरी नाही)
```

ह्या वेळी सोळा पहिल्याच ॲडरमधून बाहेर पडले, दुसऱ्यात फक्त १ + ६ झाले, तिथून काही निघालं नाही. म्हणजे हातचा कधी पहिल्या ॲडरमधून येतो तर कधी दुसऱ्यातून, एकाच बेरजेत दोन्हीकडून कधीच येत नाही. C दोन्ही वेळेला एक असतो, म्हणून तोच घ्यायचा.

आता चुका कशा ओळखायच्या ते. ९ + ८ टाकल्यावर ०१ आलं तर समीकरणात K नाही. ०७ आलं तर करेक्शन बरोबर आहे पण हातचा दुसऱ्या ॲडरच्या पिनेवरून घेतलाय. ११११ आणि हातचा असं ७ + ५ ला आलं तर सहाच्या जागी तीन मिळवले जातायत, म्हणजे C च्या वायरी B3, B2 ऐवजी B2, B1 वर पडल्यात.

आणि ९ + ८ च का म्हणतोय सारखं, तर मोजून बघितलंय. आत येणारा हातचा शून्य धरला तर अंकांच्या १०० जोड्या होतात, त्यात ४५ जोड्यांना करेक्शन लागतं, पण त्यातही K एक येतो अशा जोड्या फक्त सहा: ७+९, ९+७, ८+८, ८+९, ९+८, ९+९. म्हणजे K विसरलेलं सर्किट १०० पैकी ९४ बेरजा अगदी बरोबर करतं! सहज म्हणून चार-पाच बेरजा टाकून बघितल्या तर चूक सापडायची शक्यता फारच कमी. म्हणून टेस्ट करताना ह्या सहा आधी टाका, बाकीच्या नंतर.

आत येणाऱ्या हातच्याची एक टेस्ट वेगळी करा, C0 ला एक देऊन ४ + ५. पहिल्या ॲडरला हातचा दिला असेल तर तिथे १० होतात, C पेटतो, उत्तर १० नीट येतं. चुकून तो दुसऱ्या ॲडरच्या C0 ला दिला असेल तर पहिल्यात ९ च होतात, C विझलेला राहतो, आणि मग मागाहून एक मिळून १०१० दिसतं जे बीसीडीच नाही. हातचा नेहमी तपासणीच्या आधी मिळवलेला असला पाहिजे.

दोन घरं जोडताना

एक घर पक्कं झालं की पुढचं घर म्हणजे तेच सर्किट परत, फक्त एककाचा C दशकाच्या पहिल्या ॲडरच्या C0 ला. ५८ + ६७ करू. एककात ८ + ७ म्हणजे ११११, C एक, सहा मिळवून ०१०१ म्हणजे ५. दशकात ५ + ६ आणि वरून आलेला १ म्हणजे ११००, C एक, सहा मिळवून ००१०, म्हणजे २. दशकाचा C हाच शतकाचा १. उत्तर १२५. आपण शाळेत उभी बेरीज करताना जे करायचो तेच घर-घर पुढे सरकतंय. घरं वाढली की हातचा एकामागून एक घरातून जातो, त्यामुळे सगळ्यात डावीकडचा अंक सगळ्यात उशिरा स्थिर होतो, स्विचने हाताने बघताना ते जाणवत नाही पण वेगात चालवायचं असेल तर ह्याचा विचार करावा लागतो.

८०८५ शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटलं असेल, `DAA` ही इन्स्ट्रक्शन हेच करते. खालचे चार बिट नऊच्या वर गेले किंवा ऑक्झिलरी कॅरी फ्लॅग एक असला तर ती सहा मिळवते, आणि मग वरच्या चार बिटांसाठी तसंच. तो ऑक्झिलरी कॅरी म्हणजे आपला K, आयसीच्या आत बसलेला.

व्हेरिलॉगमध्ये लिहायचं असेल तर

```
module bcd_adder(input [3:0] a, b, input cin,
                 output [3:0] s, output cout);
  wire [4:0] z;
  assign z    = a + b + cin;
  assign cout = (z > 9);
  assign s    = cout ? z[3:0] + 4'd6 : z[3:0];
endmodule
```

इथे गेटांचं समीकरण लिहावं लागत नाही, `z > 9` म्हटलं की टूल ते बनवतं. पण `z` पाच बिटांचाच ठेवा. `[3:0]` केलात तर पाचवा बिट म्हणजेच K गळून पडतो, एरर येत नाही, सिम्युलेशन चालतं, आणि ९ + ८ ला परत तेच ०१. टेस्टबेंचमध्ये तीन लूप लावून दोन्ही अंक ० ते ९ आणि `cin` ० व १ अशा सगळ्या २०० जुळण्या फिरवा, त्यात बरोबर १०० वेळा `cout` एक आला पाहिजे. लूप ० ते १५ फिरवू नका, कारण १२ सारखं इनपुट बीसीडी नाहीच. १२ + ९ ला पहिल्या बेरजेत K एक आणि ०१०१ येतात, सहा मिळवून १०११, म्हणजे हातचा एक आणि एककाच्या जागी अकरा. ती ॲडरची चूक नाही, एकदाच मिळवलेले सहा फक्त १९ पर्यंतच पुरतात. स्विचवरून कुणी १००१ च्या वरचं इनपुट देऊ शकत असेल तर ते ॲडरच्या आधीच अडवा, आणि त्यासाठी वेगळं काही शोधावं लागत नाही, इनपुटच्या चार बिटांवर तेच `Z8·(Z4 + Z2)` वालं सर्किट लावून त्यावर एक लाल एलईडी लावला की झालं.